डिलिव्हरी चार्ज टेस्ट: मध्येच डोकावायचं नाही (प्रकल्प नोंदी, मे ते जुलै २०२४)

२७ मे, सोमवार

आजपासून या टेस्टच्या नोंदी इथेच लिहिणार, कारण मार्चमधल्या टेस्टचं नेमकं काय ठरलं होतं ते आज कुणालाच सांगता येत नाहीये आणि ते परत होऊ द्यायचं नाही.

प्रश्न साधा आहे. आपल्या साइटवर मसाले, लोणची, चटण्या विकतो, डिलिव्हरीचे ६० रुपये गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी, पैसे भरायच्या पानावर दिसतात. डेव्हलपरचं म्हणणं की ते आधीच, प्रॉडक्टच्या पानावरच किमतीखाली दाखवावेत, म्हणजे शेवटी धक्का बसून लोक पळणार नाहीत. सरांना उलटी भीती आहे, ६० रुपये बघून लोक सुरुवातीलाच पळतील. दोघांचंही पटण्यासारखं आहे म्हणूनच टेस्ट करायची. ए म्हणजे आत्ता आहे ते पान, बी म्हणजे चार्ज आधी दाखवणारं पान. येणाऱ्या माणसाला नाणेफेक करावी तसं कुठल्यातरी एका गटात टाकायचं आणि तो परत आला तरी त्याच गटात ठेवायचं.

मार्चची गोष्ट लिहून ठेवते. तेव्हा बटणावरचा मजकूर बदलला होता, पाचव्या दिवशी डॅशबोर्डवर हिरवी खूण आली, १८ टक्के वाढ दिसली, त्याच दुपारी टेस्ट बंद करून नवीन मजकूर सगळ्यांना लावला. एप्रिल अख्खा गेला, ऑर्डरी होत्या तेवढ्याच राहिल्या. तेव्हा सगळ्यांनी परीक्षांवर आणि उन्हावर ढकललं. मला तेव्हापासून वाटतंय की ती वाढ मुळात नव्हतीच, आपण चुकीच्या वेळी थांबलो.

२९ मे, बुधवार

किती लोक लागतील ते काढलं. हे आधी काढायचं असतं, टेस्ट सुरू झाल्यावर नाही, कारण एकदा आकडे दिसायला लागले की 'पुरे झालं' कधी म्हणायचं हे ते आकडेच ठरवायला लागतात.

तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, आत्ता किती टक्के लोक ऑर्डर करतात. मागच्या आठ आठवड्यांचं बघितलं, प्रॉडक्टच्या पानावर आलेल्या १०० पैकी ४ जण. दुसरी, किती फरक पडला तर आपल्याला त्याचं काही आहे. यावर सरांशी अर्धा तास बोलणं झालं. ते आधी म्हणाले कितीही वाढ चालेल, मी म्हणलं सर तसं नाही चालत, बारीक फरक पकडायचा तर माणसं प्रचंड लागतात. शेवटी ठरलं की ४ चे ४.६ झाले, म्हणजे १५ टक्के वाढ झाली, तर ती हातातून निसटायला नको. तिसरी गोष्ट म्हणजे चुकायची मुभा किती. नेहमीचंच धरलं: खरा फरक नसताना 'आहे' म्हणायची शक्यता ५ टक्के, आणि खरा फरक असताना तो सापडायची शक्यता ८० टक्के, यालाच पॉवर म्हणतात.

हातानं करायला हे सूत्र पुरतं, n म्हणजे एका गटाला लागणारी माणसं, p म्हणजे आत्ताचं ऑर्डरींचं प्रमाण, d म्हणजे पकडायचा फरक:

```
n = 16 * p * (1 - p) / d^2
  = 16 * 0.04 * 0.96 / 0.006^2
  = 17067
```

१६ आकाशातून पडलेला नाही, ५ टक्के आणि ८० टक्के या दोन अटींमधून १.९६ आणि ०.८४ येतात, त्यांच्या बेरजेचा वर्ग करून दुप्पट केली की १५.७, म्हणून १६. बी गट खरंच ४.६ वर असेल तर त्याचा फैलाव जरा जास्त असतो, तो धरून नीट काढलं तर १७,९०० च्या आसपास येतं. आपल्याकडे दिवसाला साधारण १,३०० नवीन माणसं त्या पानावर येतात, म्हणजे गटाला ६५०. २८ दिवसांत १८,२००. बरोबर चार आठवडे. पूर्ण आठवडेच घ्यायचे होते, कारण रविवारी संध्याकाळचं गिऱ्हाईक आणि मंगळवारी दुपारचं गिऱ्हाईक वेगळं वागतं.

सूत्रात खाली d चा वर्ग आहे, तिकडे सगळ्यांनी नीट बघा. फरक अर्धा पकडायचा म्हटलं की माणसं चौपट. सरांचं 'कितीही वाढ चालेल' म्हणजे समजा ५ टक्के वाढ पकडायची, ४ चे ४.२, तर गटाला दीड लाखाहून जास्त माणसं लागतात, आपल्या गर्दीत ते जवळजवळ आठ महिने झाले. हे ऐकून सर गप्प झाले आणि मग १५ टक्क्यांवर आले.

३१ मे, शुक्रवार

कागदावर लिहून सह्या घेतल्या, मार्केटिंगवाल्या ताई, सर, डेव्हलपर आणि मी. सुरुवात ३ जून, शेवट ३० जून रात्री, निकाल १ जुलैला एकदाच बघायचा. मोजायचं एकच, ऑर्डर झाली की नाही. मध्ये थांबायचं फक्त काहीतरी मोडलं तर: पान उघडत नाहीये, पेमेंट अडकतंय, असलं काही. निकाल चांगला दिसतोय म्हणून थांबायचं नाही.

३ जून, सोमवार

सुरू. दोन्ही पानं आठ वेगवेगळ्या फोनवर उघडून बघितली, चार्ज दिसतोय, गट टिकतोय.

८ जून, शनिवार

सकाळी पावणेदहाला चहा घेऊन बसते तोच ताईंचा फोन, 'अगं डॅशबोर्ड बघितलास का, हिरवं झालंय!' त्यांनी बघितलं होतं. मग मीही बघितलं, सरांनीही बघितलं. डॅशबोर्ड सगळ्यांना उघडा ठेवला होता ही चूक माझी.

पाच दिवसांचे आकडे असे. ए मध्ये ३,२५८ माणसं आणि १२४ ऑर्डरी, म्हणजे ३.८ टक्के. बी मध्ये ३,२४४ माणसं, १६१ ऑर्डरी, जवळजवळ ५ टक्के. वाढ ३० टक्के. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता, ०.०२३, ०.०५ च्या खाली, म्हणून ती हिरवी खूण.

अकरा वाजता सरांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं मी नीट लिहिते कारण ते वेडंवाकडं अजिबात नाहीये. हे लोणच्याच्या मसाल्याचे दिवस आहेत, रोज अर्ध्या लोकांना आपण वाईट पान दाखवतोय, रोजच्या सातेक ऑर्डरी सोडतोय, आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तर ते खरं मानायचं हे तूच सांगितलंस ना. मग थांबायचं कशासाठी?

मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपण १५ टक्के वाढीची आशा धरून बसलो होतो आणि पाच दिवसांत ३० टक्के दिसतेय, आकडा एवढा मोठा आहे म्हणूनच मला संशय येतोय. पाच दिवसांच्या माणसांत १५ टक्क्यांचा फरक हिरवा होऊच शकत नाही, तिथं हिरवं दिसायला फरक निदान २६-२७ टक्क्यांचा असावा लागतो. म्हणजे इतक्या लवकर जे काही जिंकताना दिसतं ते फुगलेलंच असतं, खरी वाढ असली तरी. दुसरी गोष्ट, ०.०५ चा अर्थ 'ठरल्या वेळी एकदाच बघितलं तर' असा आहे, रोज बघून ज्या दिवशी आवडेल त्या दिवशी थांबलं तर ते ०.०५ राहतच नाही.

दुसरी गोष्ट सरांना पटली नाही. म्हणाले, बघण्यानं आकडे थोडेच बदलतात? प्रश्न चांगला आहे. सोमवारी दाखवते म्हणलं आणि तोपर्यंत काही बंद करू नका अशी विनंती केली. ते हो म्हणाले. डॅशबोर्डवरून ऑर्डरींचा रकाना डेव्हलपरकडून काढून टाकला, आता फक्त कुठल्या गटात किती माणसं गेली एवढंच दिसेल.

१० जून, सोमवार

शनिवारी रात्री बसून खालचा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही गट मुद्दाम सारखे ठेवले, दोघांनाही ४ टक्के, म्हणजे खरा फरक शून्य. अशा १,००० टेस्ट खोट्या चालवायच्या, प्रत्येक २८ दिवसांची, रोज ६५० माणसं. मग मोजायचं की किती टेस्ट निदान एका दिवशी तरी हिरव्या झाल्या आणि किती शेवटच्या दिवशी हिरव्या होत्या.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
days, n, p = 28, 650, 0.04
N = n * np.arange(1, days + 1)
peek = last = 0
for _ in range(1000):
    a = rng.binomial(n, p, days).cumsum()
    b = rng.binomial(n, p, days).cumsum()
    m = (a + b) / (2 * N)
    z = (b - a) / N / np.sqrt(m * (1 - m) * 2 / N)
    peek += (abs(z) > 1.96).any()
    last += abs(z[-1]) > 1.96
print(peek, last)
```

सरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांनाच एंटर दाबायला लावलं. शेवटी एकदाच बघितलं तर १,००० पैकी ५० च्या आसपास हिरव्या, म्हणजे ५ टक्के, जसं असायला पाहिजे तसं. रोज बघून पहिल्या हिरव्या खुणेला थांबलं तर २७० च्या आसपास. पुन्हापुन्हा चालवलं, दहावीस इकडेतिकडे होतात पण तिथंच राहतं. फरक शून्य असताना दर चार टेस्टमागे एकीत आपण पेढे वाटले असते.

हे मी शोधलेलं नाही, औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांनी हे कधीचं मांडून ठेवलंय. आर्मिटेज, मॅकफर्सन आणि रो या तिघांनी १९६९ मध्ये याचा तक्ताच दिला होता: एकदा बघितलं तर ५ टक्के, दोनदा ८.३, पाच वेळा १४.२, दहा वेळा १९.३, वीस वेळा जवळपास २५. आणि बघतच राहिलं, कधी थांबायचं ठरवलंच नाही, तर कधी ना कधी हिरवं होणारच.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मग एका खोट्या टेस्टचा आलेख काढून दिलं. फरकाची रेघ सुरुवातीला जोरात वरखाली होते, माणसं वाढतात तशी शून्याकडे सरकत जाते, पण मध्येच एखाददुसऱ्या दिवशी हिरवी खूण येण्याची रेषा ओलांडून परत आत येते. शेवटी एकदाच बघणाऱ्याला ते ओलांडणं दिसतच नाही. रोज बघणारा नेमका त्या दिवशी थांबतो, आणि थांबला की रेघ परत आत येताना त्याला कधीच दिसत नाही. म्हणजे बघण्यानं आकडे बदलत नाहीत हे सरांचं म्हणणं बरोबर आहे, बदलतो तो थांबायचा दिवस, आणि तो दिवस आकड्यांनीच आपल्या सोयीनं निवडलेला असतो.

ताईंना मी वेगळं सांगितलं. शितावरून भाताची परीक्षा करतो आपण, एक शीत दाबून बघतो आणि गॅस बंद करायचा की नाही ते ठरवतो. पण शिजलेलं शीत सापडेपर्यंत एकेक उचलत राहिलो आणि सापडलं की लगेच गॅस बंद केला, तर भात कच्चा राहणार. त्या म्हणाल्या, 'हे शनिवारीच सांगायचंस ना.'

टेस्ट चालू ठेवायची ठरलं.

१५ जून, शनिवार

बारा दिवस झाले. फक्त गटांची माणसं बघितली, जवळपास निम्मी निम्मी. हे बघायला काहीच हरकत नाही उलट बघायलाच पाहिजे, कारण एका गटात ठळक जास्त माणसं दिसायला लागली तर वाटप बिघडलंय असं समजायचं आणि मग निकाल कितीही छान असला तरी फेकून द्यायचा.

२१ जून, शुक्रवार

आज वटपौर्णिमा, साइटवर गर्दी कमी. ताईंना काळजी की यानं टेस्ट बिघडेल. बिघडत नाही, सण दोन्ही गटांना सारखाच येतो, फक्त माणसं थोडी कमी पडतील आणि मागच्या दोन रविवारी जास्त आली होती त्यात ती भरून निघतील.

दुपारी कॉल घेणाऱ्या ताई सहज म्हणाल्या की 'डिलिव्हरीचे किती लागतील' असं विचारणारे फोन या महिन्यात कमी झालेत. लिहून ठेवते. हे टेस्टमध्ये मोजायचं ठरवलं नव्हतं त्यामुळे यावरून काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही.

१ जुलै, सोमवार

सकाळी दहाला चौघं एकत्र बसून रकाना उघडला. ए: १८,२१३ माणसं, ७३८ ऑर्डरी, ४.०५ टक्के. बी: १८,१९१ माणसं, ७६५ ऑर्डरी, ४.२१ टक्के. पी व्हॅल्यू ०.४६. हिरवं वगैरे काही नाही.

फरकाचा ९५ टक्के पट्टा, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, काढला तर उणे ०.२६ पासून अधिक ०.५६ पर्यंत येतो. माझ्या मते पी व्हॅल्यूपेक्षा हा पट्टा जास्त कामाचा आहे. बी थोडं वाईटही असू शकतं, थोडं चांगलंही असू शकतं, पण आपल्याला हवा होता तो ०.६ चा फरक पट्ट्याच्या बाहेर पडलाय. आणि ८ जूनला डॅशबोर्डवर जवळजवळ १.२ चा फरक दिसत होता, तो तर कुठल्या कुठं राहिला.

मग आतले दिवसवार आकडे बघितले. बाराव्या दिवसाअखेर बी ३३ ऑर्डरींनी पुढे होतं आणि पी व्हॅल्यू ०.१९ च्या आसपास गेली होती, म्हणजे हिरवी खूण एका आठवड्यातच पुसली गेली होती. पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच ठिकाणी. पहिल्या पाच दिवसांत बी ३७ नी पुढे होतं आणि पूर्ण महिन्याअखेर २७ नी. म्हणजे राहिलेल्या २३ दिवसांत ए च्या ६१४ आणि बी च्या ६०४. ते पाच दिवस सोडले तर बी दहा ऑर्डरींनी मागे आहे. (म्हणून पहिले पाच दिवस काढून टाकून निकाल लावायचा असंही नाही, तीही आपल्याला हवा तो तुकडा निवडण्याचीच वाट झाली. पूर्ण २८ दिवसांचाच निकाल खरा.)

सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, '८ जूनला मी हे बंद करून जुलैच्या विक्रीत ३० टक्के जास्त धरणार होतो. बरण्यांची ऑर्डर द्यायची होती त्या हिशोबानं.' मला त्या बरण्यांचं माहीतच नव्हतं.

२ जुलै, मंगळवार

निर्णय: चार्ज प्रॉडक्टच्या पानावर दाखवायचा. विक्री वाढली म्हणून नाही, तसं दिसलेलं नाही. फार पडली असंही दिसत नाही, पट्ट्याचं खालचं टोक उणे ०.२६ आहे, तेवढी जोखीम सरांनी समजून घेऊन मान्य केली. कारण एवढंच की पैसे आधी सांगणं गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं सरळ आहे आणि कॉलवाल्या ताईंचा वेळ वाचत असेल तर बरंच. त्या फोनांची मोजणी आजपासून वहीत सुरू केली.

मार्चच्या बटणाच्या मजकुरासमोर फाइलमध्ये '१८ टक्के वाढ' असं लिहिलेलं होतं ते खोडून 'पाचव्या दिवशी थांबवली, ठरलेली माणसं नव्हती, निकाल धरू नये' असं लिहिलं.

४ जुलै, गुरुवार

पुढची टेस्ट: ४९९ च्या वर डिलिव्हरी फुकट. यात दर ऑर्डरीला खरा पैसा जातोय, त्यामुळे सरांचं म्हणणं की महिनाभर डोळे मिटून बसणं परवडणार नाही, मध्ये एकदा तरी बघू दे. हे मान्य करण्यासारखं आहे, फक्त ते बघणंसुद्धा आधी ठरवून, किंमत मोजून करायचं.

याचे नियमही औषधांच्या चाचण्यांतूनच आलेत. पोकॉकनं १९७७ मध्ये एक पद्धत दिली, प्रत्येक वेळी बघताना रेषा सारखीच पण कडक ठेवायची, दोनदा बघायचं असेल तर दोन्ही वेळा ०.०५ ऐवजी ०.०२९. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांची १९७९ ची पद्धत वेगळी आहे, सुरुवातीला रेषा खूप कडक आणि शेवटी जवळजवळ नेहमीसारखी. दोनदा बघायचं असेल तर अर्ध्यावर पी व्हॅल्यू ०.००५ च्या खाली पाहिजे आणि शेवटी ०.०४८ च्या खाली. दोन्ही पद्धतींत दोन वेळचं बघणं मिळून चुकायची शक्यता ५ टक्केच राहते.

दुसरी घेतली. शेवटची रेषा ०.०५ च्या इतकी जवळ आहे की माणसं जवळजवळ तेवढीच पुरतात. आणि अर्ध्यावर थांबायला खरोखर दणदणीत फरक लागेल, ८ जूनसारखा ०.०२३ चालणार नाही.

एक मात्र सरांना आधीच सांगून ठेवलं, अर्ध्यावर जिंकून थांबलो तरी तेव्हा दिसणारी वाढ फुगलेली असणार, बरण्यांची ऑर्डर त्या आकड्यावर द्यायची नाही.

सुरुवात सोमवार ८ जुलै. मधलं बघणं २२ जुलैला सकाळी, १४ दिवस पूर्ण झाल्यावर. शेवट ४ ऑगस्ट रात्री. १७ ला आषाढी आहे, उपासाच्या पदार्थांची मागणी वाढेल, दोन्ही गटांत सारखीच, त्यामुळे तारीख बदलली नाही. ऑर्डरींचा रकाना आजच बंद केलाय, त्याचा पासवर्ड डेव्हलपरकडे, आणि त्यानं २२ च्या आधी तो कुणालाच द्यायचा नाही, मलाही नाही.